आत्याची कुंडली आणि चोवीस तासांचे घड्याळ

गेल्या श्रावणात आतेभावाच्या मुलीने मोबाइलवर एक फोटो पाठवला. जुन्या ट्रंकेत सापडलेल्या पिवळ्या कागदाचा. कागदाच्या चार घड्या घातलेल्या, घडीवर शाई उडालेली, वरचा भाग वाळवीने खाल्लेला आणि मध्यभागी एक चौकट. खाली तिने लिहिले होते, ''काका, ही आजीची पत्रिका. तारखेचा भाग गेलाय. पण यावरून तारीख काढता येते का?''

आजी म्हणजे माझी आत्या. ती जन्मली सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात. शाळेच्या दाखल्यावर तिची जन्मतारीख आहे १ जून १९४६. आपल्याकडे त्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जूनलाच येतो, कारण शाळा जूनमध्ये उघडायच्या आणि गुरुजी मुलाचे वय अंदाजाने बसवायचे. आत्या मात्र जन्मभर सांगत आली की, ''मी स्वातंत्र्याच्या दिवशीची.'' सासरी यावर हसायचे. प्राथमिक शिक्षिका म्हणून दाखल्याप्रमाणे ती ३१ मे २००४ रोजी निवृत्त झाली. तिचे म्हणणे खरे असेल तर नोकरीची सव्वा वर्षे दाखल्याने खाल्ली. आता त्याचे काही होणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे. तिला फक्त हे हवे होते, की आपण खोटे बोलत नव्हतो.

मी ज्योतिषी नाही. कुंडलीवरून कोणाचे भले-बुरे सांगता येते असे मला वाटत नाही, आणि या लेखात त्याचा विषयही नाही. पण कुंडली ही एक आकृती आहे. एका विशिष्ट क्षणी, एका विशिष्ट गावातून आकाश कसे होते, त्याचा तो नकाशा. नकाशा वाचायला भविष्यावर विश्वास असावा लागत नाही.

वाचकांनी एक कागद-पेन्सिल घ्यावी. एक चौरस काढा. समोरासमोरचे कोपरे जोडा, म्हणजे मोठी फुली होईल. आता चारही बाजूंचे मध्यबिंदू एकमेकांना जोडा, म्हणजे चौरसाच्या आत एक तिरका चौरस बसेल. एवढ्यावर बारा घरे तयार होतात. चार मोठी, पतंगाच्या आकाराची. वर, डावीकडे, खाली आणि उजवीकडे. आणि आठ लहान त्रिकोणी, प्रत्येक कोपऱ्यात दोन-दोन. महाराष्ट्रात आणि उत्तरेत हीच चौकट चालते. दक्षिणेतली पद्धत निराळी. तिथे मधली जागा मोकळी ठेवून कडेने बारा चौकोन असतात आणि राशींच्या जागा कायमच्या ठरलेल्या असतात. ती इथे बाजूला ठेवू.

आपल्या आकृतीत घरांच्या जागा कायम असतात. वरचा पतंग म्हणजे पहिले घर. तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचे. वरच्या कडेला डावीकडचा त्रिकोण दुसरा, त्याच कोपऱ्यातला डाव्या कडेचा त्रिकोण तिसरा, डावा पतंग चौथा, असे करत खालचा पतंग सातवा, उजवा पतंग दहावा आणि वरच्या कडेला उजवीकडचा त्रिकोण बारावा. हे घरांचे क्रमांक कुंडलीत कोठेही लिहिलेले नसतात. ते मनात धरायचे असतात.

मग घरात आकडे लिहिलेले असतात ते कसले? इथेच बहुतेकांची गाडी अडते. भाचीचीही अडली. तिने फोनवर सांगितले, ''काका, गुरू सातव्या घरात दिसतोय, तिथे सात लिहिलंय.'' मी म्हटले, ''अगं, तो सात घराचा नाही, राशीचा. मेष एक, वृषभ दोन, असं मोजत गेलीस की तूळ सातवी. घर तिसरं, रास सातवी.'' आकडा राशीचा आणि जागा घराची, एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी निम्मी कुंडली वाचता येते.

वरच्या पतंगात कोणती रास लिहायची? जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर जी रास उगवत होती ती. तिलाच लग्न म्हणतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून चोवीस तासांत बाराही राशी एकामागून एक पूर्वेला उगवतात. प्रत्येकीला साधारण दोन तास लागतात. वर एकदा आकडा बसला की उरलेले अकरा आपोआप ठरतात, कारण ते ओळीनेच यायचे. आत्याच्या कागदावर बारांपैकी पाच आकडे पुसले होते, दोन वाचता येत नव्हते, पण त्याने काही बिघडले नाही. वरच्या पतंगात जुन्या वळणाचा पाच होता. पाच म्हणजे सिंह. मग दुसऱ्या घरात सहा, तिसऱ्यात सात, आणि फिरत फिरत बाराव्या घरात चार, म्हणजे कर्क. उरलेले वाचता येणारे आकडे या हिशेबात बसतात का, तेवढे पाहिले. बसले. याचा अर्थ पाच बरोबर वाचला होता.

एक बारीक गोष्ट. फोटो आला तो आडवा झालेला. ही चौकट अशी आहे की ती कोणत्याही बाजूने फिरवली तरी सारखीच दिसते. अक्षरे नसती तर वर कोणते आणि खाली कोणते हे चौकटीवरून कधीच कळले नसते. म्हणून कुंडलीचा फोटो काढताना भोवतालचा मजकूर कापू नये. भाचीने तो कापला होता. तिला पुन्हा पूर्ण कागदाचा फोटो काढायला लावला.

आता ग्रह. ते एकेका अक्षराने लिहितात. र म्हणजे रवी, रा म्हणजे राहू. श म्हणजे शनी, शु म्हणजे शुक्र. बु बुध आणि गु गुरू. पुसट बोरूच्या अक्षरात एक काना किंवा एक उकार गेला की एकाचा दुसरा होतो. आत्याच्या कुंडलीत तर बाराव्या घराच्या चिमुकल्या त्रिकोणात पाच अक्षरे कोंबलेली होती आणि नेमकी त्यावरून घडी गेली होती. र, चं, कसला तरी ु, पुन्हा कसला तरी श, आणि आणखी एक श. तिसऱ्या घरात एक अक्षर होते, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या घरामधल्या कर्णरेषेवरच बसले होते. चौथ्यात 'के' स्पष्ट. दहाव्यात र, काना आहे की कागदाची सुरकुती, हे कळेना. अकराव्यात 'मं'.

अशा वेळी अक्षरांकडे टक लावून उपयोग नसतो, आकाशाचे नियम वापरायचे. राहू-केतू हे ग्रह नव्हेत. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला ज्या दोन ठिकाणी छेदतो ते ते बिंदू, म्हणून ते नेहमी एकमेकांच्या बरोबर समोर असतात. केतू चौथ्या घरात, तर राहू दहाव्यातच हवा. म्हणजे दहाव्यातला 'रा'च होता, आणि बाराव्यातला 'र' हा रवी.

बुध आणि शुक्र पृथ्वीपेक्षा सूर्याच्या जवळून फिरतात, त्यामुळे आपल्याला ते सूर्यापासून फार लांब गेलेले कधीच दिसत नाहीत. बुध जास्तीत जास्त २८ अंश, शुक्र ४७ अंश. एक रास ३० अंशांची. म्हणजे बुध रवीच्याच घरात किंवा शेजारच्या घरात असणार, शुक्र फार तर दोन घरे पलीकडे. तिसऱ्या घरातले ते रेषेवरचे अक्षर बु की गु? रवी बाराव्यात आहे. तिथून तिसरे घर तीन घरे लांब. बुध तिथे जाऊच शकत नाही. दुसऱ्या घरात धरले तरी दोन घरे लांब, तेही बुधाला झेपत नाही. म्हणजे ते गु, आणि बाराव्यातला उकारवाला बु. उरलेले दोन श म्हणजे शनी आणि शुक्र. नऊच्या नऊ हाती आले: कर्केत रवी, चंद्र, बुध, शुक्र, शनी, मिथुनेत मंगळ, वृषभेत राहू, वृश्चिकेत केतू, आणि गुरू तुळेत, किंवा रेषेच्या अलीकडे धरला तर कन्येत.

कुणाच्या कुंडलीत बुध रवीपासून चार घरे लांब दिसला, किंवा राहू-केतू समोरासमोर नसले, तर खुशाल समजावे की लिहिणाऱ्याची किंवा वाचणाऱ्याची चूक आहे.

आता तारखेकडे. ग्रह म्हणजे वेगवेगळ्या गतीचे काटे. रवी एका राशीत एक महिना असतो, आणि तो कोणत्या राशीत केव्हा जातो हे दरवर्षी जवळजवळ ठरलेले असते. कर्केत तो जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. १ जूनला तो वृषभेत असतो. म्हणजे दाखल्यावरची तारीख पहिल्याच पायरीवर बाद झाली, वर्षाचा प्रश्नच आला नाही.

वर्षासाठी शनी. तो एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो आणि साडेएकोणतीस वर्षांनी परत येतो. आत्याच्या पिढीला लागू पडेल असा कर्केतला शनी १९४६ ते १९४८ या काळातला. त्यात रवीही पूर्ण महिनाभर कर्केत असलेले दोन उन्हाळ्यानंतरचे पावसाळे येतात, १९४६चा आणि १९४७चा. मला वाटले होते गुरू निकाल देईल, कारण तो साधारण वर्षाला एक रास पुढे जातो. पण १९४६च्या ऑगस्टच्या मध्यावर गुरू कन्येच्या अगदी शेवटाला, तुळेच्या उंबरठ्यावर होता, आणि आमचे अक्षर तर कर्णरेषेवर बसलेले! निकाल दिला मंगळाने. १९४६च्या ऑगस्टमध्ये मंगळ कन्येत होता, १९४७च्या ऑगस्टमध्ये मिथुनेत. आत्याच्या कागदावर 'मं' अकराव्या घरात, तीन आकड्यापाशी, कागदावरचे सर्वांत ठसठशीत अक्षर. वर्ष १९४७. गुरू मग निश्चितच तुळेचा.

उरला चंद्र, दिवसाचा काटा. तो एका राशीत सव्वादोन दिवस असतो, वेगात असला तर दोनच. रवी कर्केत असताना त्या वर्षी चंद्र दोनदा कर्केत आला, एकदा १८ ते २० जुलैच्या सुमारास आणि एकदा १४ ते १६ ऑगस्टला. जुलैमध्ये मंगळ अजून वृषभेतच होता, तो मिथुनेत गेला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. शुक्रही तेव्हा कर्केत पोहोचला नव्हता. म्हणून जुलै गळाला. ऑगस्टमध्ये चंद्र १४ तारखेच्या संध्याकाळी कर्केत शिरला आणि १६च्या संध्याकाळी बाहेर पडला.

रवी एकाच राशीत असताना दोन अमावास्या आल्या की तो अधिक महिना. १९४७ साली १८ जुलैची आणि १६ ऑगस्टची अशा दोन्ही अमावास्या रवी कर्केत असताना पडल्या, म्हणून तो अधिक श्रावण. हे लिहिता लिहिता मला आजीचे बोलणे आठवले. ती आत्याला लाडाने 'धोंड्याच्या महिन्यातली' म्हणायची. १९४६ साली धोंड्याचा महिना नव्हता. इतकी वर्षे ते शब्द कानावरून गेले, त्यात तारीख दडलेली आहे हे डोक्यात आले नव्हते.

आता वेळ, आणि इथे ही आकृती मला सर्वांत देखणी वाटते. वरचा पतंग म्हणजे पूर्व क्षितिज, खालचा म्हणजे पश्चिम क्षितिज. उजवा, दहावा, म्हणजे माथ्यावरचे आकाश. डावा, चौथा, पायाखालचे. सूर्य पहाटे उगवताना पहिल्या घरात असतो. मग पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो बाराव्यात, अकराव्यात सरकतो, दुपारी दहाव्याच्या आसपास येतो, सूर्यास्ताला सातव्याशी आणि मध्यरात्री चौथ्याशी. म्हणजे कागदावर रवी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. वर सकाळ, उजवीकडे दुपार, खाली संध्याकाळ, डावीकडे मध्यरात्र. चोवीस तासांचे घड्याळच. कुठल्याही कुंडलीत रवी कोठे आहे ते पाहून जन्म दिवसा की रात्री, हे कोणालाही सांगता येईल. 'जन्म दुपारी' असे लिहिलेले असून रवी डाव्या पतंगात असेल, तर काहीतरी चुकले आहे.

आत्याचा रवी बाराव्यात. म्हणजे सूर्य उगवून थोडा वेळ झालेला. रवी कर्केच्या शेवटी २८-२९ अंशांवर होता, त्यामुळे सूर्योदयानंतर काही मिनिटांतच सिंह लग्न सुरू झाले आणि सुमारे दोन तास टिकले. साताऱ्याकडे ऑगस्टच्या मध्यावर सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान उगवतो. म्हणजे जन्म साधारण साडेसहा ते साडेआठमधला.

वाचकांना पडताळा पाहायचा असेल तर स्वतंत्र भारताची म्हणून अनेकदा छापली गेलेली कुंडली घ्यावी, १५ ऑगस्ट १९४७ची मध्यरात्र, दिल्ली. तिच्यात वर दोन, म्हणजे वृषभ, आणि तिथेच राहू. दुसऱ्या घरात मंगळ, तिसऱ्यात कर्केचे तेच पाच ग्रह, सहाव्यात गुरू, सातव्यात केतू. ग्रहांच्या राशी आत्याच्याच. फक्त चक्र तीन घरे फिरलेले, कारण मध्ये मध्यरात्रीपासून सकाळपर्यंतचा वेळ गेला.

पण वाचक विचारतील, १५ की १६? सिंह लग्न दोन्ही सकाळी आले, चंद्र दोन्ही सकाळी कर्केत होता, बाकीचे ग्रह राशी बदलण्याइतके हललेच नाहीत. १५ ऑगस्टच्या सकाळची आणि १६ ऑगस्टच्या सकाळची कुंडली अक्षरशः एकच. ही या आकृतीची मर्यादा आहे. ती राशी दाखवते, अंश दाखवत नाही. बाराव्या त्रिकोणात पाच ग्रह एकावर एक दिसतात, पण प्रत्यक्षात शनी २०-२१ अंशांवर, शुक्र २२-२३ वर, बुध १३-१४ वर असे पसरलेले होते. शिवाय राशीचक्र कोठून मोजायचे यावर पंचांगांचे एकमत नाही. टिळक पंचांगाचा आरंभबिंदू इतरांपेक्षा सुमारे चार अंशांनी वेगळा आहे. त्याने मोजले असते तर रवी त्या सकाळी सिंहेत गेला असता आणि वरच्या पतंगात बसला असता. आमच्या कागदावर तो कर्केत आहे, म्हणजे लिहिणाऱ्याने दुसरे पंचांग वापरले, एवढेच कळते.

दोन सकाळी वेगळ्या काढणारी गोष्ट चौकटीच्या बाहेर होती, नक्षत्र. १५च्या सकाळी चंद्र पुष्य नक्षत्रात होता, १६च्या सकाळी आश्लेषात. कागदाच्या खालच्या ओळीत नक्षत्र लिहिलेले असणार, पण ती ओळ वाळवीने नेली होती. मी तसे भाचीला कळवले. तारीख दोन दिवसांपर्यंत आणली, पुढे जाता येत नाही.

रात्री झोपताना आठवले. नक्षत्राच्या प्रत्येक चरणाला एक अक्षर असते आणि त्यावरून नावरस नाव ठेवतात. आमच्या आजोबांनी सगळ्या मुलांची नावे तशीच ठेवली होती. माझ्या वडिलांचेही तसेच, त्यांची पत्रिका माझ्याकडे आहे, ताडून पाहिले. पुष्याची अक्षरे हू, हे, हो, डा. आश्लेषाची डी, डू, डे, डो. १५ ऑगस्टला सकाळी साडेसहा ते साडेआठ चंद्र आठ-नऊ अंशांवर, म्हणजे पुष्याच्या दुसऱ्या चरणात. त्याचे अक्षर 'हे'. १६ला आश्लेषा, म्हणजे 'ड'चेच कोणते तरी अक्षर. आत्याचे नाव 'हे'ने सुरू होते.

हा पुरावा कचेरीत चालणार नाही, आणि चौकटीतून निघालेलाही नाही. आजोबांच्या सवयीवर टेकलेला आहे. तरी मी दुसऱ्या दिवशी आत्याला फोन केला आणि कागद-पेन्सिल घेऊन बसायला लावले. चौरस काढ, फुली मार, वर पाच लिही, असे सगळे तिच्याकडून करून घेतले. तिने शिक्षिकेच्या सवयीने प्रत्येक पायरीला ''का?'' विचारले. बुधाचा नियम तिला पटला, मंगळाचा तिने दोनदा सांगायला लावला. शेवटी नावाचे अक्षर सांगितले तेव्हा पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही.

मग म्हणाली, ''अरे, सकाळी सात म्हणजे आई सांगायची ते बरोबरच की. गुरं सोडायची वेळ होती म्हणे, आणि प्रभातफेरी वेशीपर्यंत आली होती.'' आणि लगेच, ''थांब, हा कागद नीट ठेवते. त्या दोघांना दाखवायचाय.'' कोणत्या दोघांना, हे मी विचारले नाही.